उतरंड, फडताळ, ओंजळ की चिमूट? पाकिटं छापायच्या आधी नाव कसं तपासलंत?

भाजणीवाली
नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात राहते. गेली चार वर्षं थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि तीन प्रकारच्या कोरड्या चटण्या घरून विकते. आजवर साध्या पारदर्शक पिशवीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवत आले. आता घंटाळीजवळ एक छोटा गाळा भाड्याने मिळतोय, आणि छापील पाकिटांची चौकशीही केली. पाकिटवाल्याने सांगितलं की रंगागणिक एक सिलिंडर कोरावा लागतो, आमच्या डिझाइनला पाच लागतील आणि किमान ऑर्डर किलोत धरतात. एकदा कोरलं की नाव बदलणं म्हणजे ज्या ज्या सिलिंडरवर नाव आहे तो पुन्हा कोरणं. हे ऐकून थांबले.

चार नावं मनात आहेत: उतरंड, फडताळ, ओंजळ, चिमूट. भिशीच्या ग्रुपवर टाकली तर अकरापैकी नऊ जणींनी 'उतरंड'ला बदाम पाठवले. तरी धाकधूक आहे. ज्यांनी बोर्ड आणि पाकिटं छापून घेतली आहेत त्यांनी आधी नाव कसं पारखलं, ते सविस्तर सांगाल का?

घंटाळीकर
ताई, अभिनंदन. माझ्या मते 'अन्नपूर्णा' किंवा 'सुगरण' ठेवा. सोपं, मंगल, सगळ्यांना कळणारं. आणि नावाची अक्षरं आपल्या जन्मांकाशी जुळतात का तेही पाहून घ्या. आमच्या मुलाने दुकानाच्या नावात एक 'a' वाढवला, समाधान वाटलं.

भाजणीवाली
काका, धन्यवाद. नावं सुचवायला नाही विचारलं मी, जी चार आहेत ती लोकांवर कशी तपासायची ते विचारतेय. पण तुमचा 'a' कामाचा आहे. इंग्रजीत कसं लिहायचं, तिथेच माझं अडलंय.

सीवूड्स
इंग्रजी स्पेलिंगवरून माझं सांगते, कारण मी त्यातच पोळले आहे. माझं ब्लाउज आणि साड्यांचं दुकान, नाव 'आकृती'. बोर्डवर मराठीत आकृती, खाली Aakruti. आपण मराठी लोक कृ म्हणजे 'क्रु' म्हणतो. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकी हिंदी बोलणाऱ्या, त्या 'क्रि' म्हणतात आणि Akriti असं टाइप करतात. मॅपवर शोधलं की दुसरंच काहीतरी येतं. एक बाई नेरुळ स्टेशनपासून रिक्षा करून भलत्याच दुकानात गेल्या आणि तिथून मला फोन केला. तोवर पिशव्या, बिलबुकं, बोर्ड सगळं छापून झालं होतं. नाव ठरवताना मी घरच्यांना आणि दोन मैत्रिणींना विचारलं होतं, त्या सगळ्या मराठी. 'छान आहे' म्हणाल्या. कुणाला लिहून दाखव म्हटलंच नाही मी.

ऋ, ज्ञ, ळ असलेली नावं नवी मुंबईत जपून. ज्ञ आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य', गुजराती 'ग्न'.

सुलेखा_वाशी
सीवूड्सनी नेमकं सांगितलं. मी बाजार संशोधनात बरीच वर्षं घरोघरी फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत, त्यावरून लिहिते.

भाजणीताई, त्या नऊ बदामांवरून काहीच ठरवू नका. 'आवडलं का?' या प्रश्नाला ओळखीचं माणूस 'हो'च म्हणतं. शिवाय भिशीतल्या मैत्रिणींना तुमचा माल माहीत आहे, त्यामुळे नाव ऐकताच त्यांना तुमच्या थालीपिठाची चव आठवते. अनोळखी माणसाकडे फक्त नाव असतं.

आवड विचारूच नका, काम करायला द्या. मी असं करेन. तीस-बत्तीस जण घ्या, त्यातले जवळचे दहाच्या वर नकोत. बाकीचे मैत्रिणींच्या ओळखीतले, बिल्डिंगमधले, इस्त्रीवाले, मुलांच्या क्लासमधले पालक. निदान तिसरा हिस्सा अमराठी हवा, कारण गाळ्यासमोरून तेही जाणार. प्रत्येकाला चारपैकी एकच नाव द्या. चारही ऐकवली की माणूस परीक्षक होऊन तुलना करायला लागतो, आणि दुकानात कुणी तुलना करत नाही.

मग फोन करा. घरातून नको, रस्त्यावरून करा, मागे रिक्षांचे हॉर्न असू देत. नेहमीच्या वाक्यात नाव एकदाच घ्या: 'मी उतरंडमधून बोलतेय, तुमची भाजणी तयार आहे.' पुढे म्हणा, 'आता ऐकलेलं नाव मला व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत आणि इंग्रजीत पाठवा.' दुरुस्त करू नका, पुन्हा सांगू नका. जे येईल ते वहीत जसंच्या तसं उतरवा. चुका मोजण्यापेक्षा त्या कोणत्या आहेत ते पाहा. आठ जणांनी आठ वेगळ्या चुका केल्या तर एखादे वेळी फोनच खराब असेल. तिघांनी एकच चूक केली तर ती नावाची आहे.

त्याच फोनवर शेवटी विचारा, 'या नावाच्या दुकानात काय मिळत असेल असं वाटतं?' अर्थात तेव्हा वाक्यातून 'भाजणी' काढावी लागेल. 'तुमची ऑर्डर तयार आहे' म्हणा.

कळव्याचा_बंड्या
एवढं कशाला करायचं पण? गुमास्ता काढा, उद्यमवर नोंद करा, त्या नावाने बँकेत खातं उघडा. नाव तुमचं झालं, मग लोक आपोआप शिकतात. माझ्या भावाने तसंच केलंय, कुणी विचारायला आलं नाही.

मार्क_तीस
बंड्या, नोंदी तिन्ही कराव्यात, पण त्यांनी नावावर हक्क मिळत नाही. गुमास्ता आणि उद्यम या धंद्याच्या नोंदी आहेत. त्याच नावाने दुसऱ्यालाही त्या मिळू शकतात. नावाचा हक्क ट्रेड मार्क कायदा, १९९९ खाली येतो. लोकांवर चाचणी करण्याआधी ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च करा, त्याला पैसे पडत नाहीत. भाजणी, मेतकूट, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. लोणची घेणार असाल तर वर्ग २९ही पाहा. तिथे Wordmark आणि Phonetic असे दोन शोध आहेत, दोन्ही करा. कार्यालय फक्त स्पेलिंग बघत नाही, कानाला सारखं लागतं का तेही बघतं. म्हणून Chimut, Chimoot, Chimmut अशी सगळी रूपं टाकायची.

आणि काका, 'सुगरण'सारखं मालाची थेट स्तुती करणारं नाव नोंदवताना वर्णनात्मक म्हणून अडू शकतं, शिवाय तसं नाव इतरांनीही घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. ती चारही नावांवर भरण्यात अर्थ नाही. सर्च आधी, अर्ज चाचणीनंतर.

घंटाळीकर
पण मग अशी नावं इथे उघडपणे लिहिलीत, कुणी उचललं तर?

मार्क_तीस
धोका आहे, नाकारत नाही. आपल्याकडे आधी वापरात असलेल्याला संरक्षण आहे, पण ते प्रत्यक्ष धंद्यातल्या वापराला. धाग्यात लिहिणं म्हणजे वापर नव्हे. नाव ठरलं की तारखेसह बिलं त्याच नावाने फाडायला लागा आणि अर्ज लांबवू नका.

सुलेखा_वाशी
माझं मत थोडं वेगळं आहे. नाव लपवून ठेवलं तर तपासायचं कसं? तीस अनोळखी माणसांना सांगणार म्हणजे ते बाहेर जाणारच. एवढी जोखीम घ्यावी.

भाजणीवाली
दहा दिवसांनी परत येतेय. सुलेखाताईंनी सांगितलं तसं केलं. बत्तीस जण, एका नावाला आठ. कोपरीतल्या ओळखीने सिंधी कुटुंबं मिळाली, बिल्डिंगमधले कच्छी आणि गुजराती, एक मल्याळी शिक्षिका. फोन तलावपाळीवरून संध्याकाळी केले.

फडताळ: आठपैकी तिघांनीच बरोबर लिहिलं. दोघांनी 'हडताल', दोघांनी 'पडताळ', एकीने 'फडताल'. एकाने काळजीने विचारलं, 'दुकान बंद आहे का?' फोनवर 'फ' नीट ऐकूच जात नाही हे मला कधी सुचलं नसतं.

ओंजळ: पाच मराठी होते, पाचही बरोबर. तीन अमराठींपैकी दोघांनी 'ओझल' लिहिलं. हिंदीत ओझल म्हणजे नजरेआड झालेलं. तिसरीने 'अंजल'.

उतरंड: मराठीत सहा बरोबर, पण इंग्रजीत Utrand, Utarand, Uttarand, Uthrand अशी चार रूपं आली. एकाला वाटलं उत्तराखंडचा माल आहे.

चिमूट: सात बरोबर. यातल्या दोघांनी 'चिमुट' असा र्‍हस्व उकार दिला, तो मी चालवून घेतला. एकाने 'चिमटा'. इंग्रजीत Chimut आणि Chimoot एवढीच दोन.

चार दिवसांनी पुन्हा फोन केला, 'परवा कुठल्या नावाने फोन आला होता?' चिमूट सहांना आठवलं, उतरंड पाचांना, ओंजळ चौघांना, फडताळ दोघांना.

सुलेखा_वाशी
फार मन लावून केलंत. दोन गोष्टी. आठांच्या गटात सहा आणि पाच यांत फरक नाही असंच धरा, एक माणूस इकडचा तिकडे झाला की आकडा उलटतो. सहा आणि दोन यांतला फरक मात्र बघण्यासारखा आहे, आणि फडताळच्या बाबतीत लिहिण्याच्या चुकाही तेच सांगताहेत.

दुसरं, आठवणीच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. नाव त्यांनी स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं. फोनवर बोलता बोलता काहींनी वर सरकवून वाचलं असेल. ही माझीच चूक, आधी सांगायला हवं होतं. आठवण तपासायची तर लिहून न घेतलेल्या वेगळ्या माणसांवर.

'काय मिळत असेल' याची उत्तरं काय आली?

भाजणीवाली
खरंय, दोघांनी तर 'थांबा हं, बघून सांगते' असं म्हटलंसुद्धा.

ओंजळ: चौघांना पूजेचं सामान किंवा फुलं, एकाला समाजसेवी संस्था वाटली. चिमूट: पाचांना मसाले, एकाला तपकीर. उतरंड: मराठी माणसांना मातीची भांडी. आणि एका बाईंचं उत्तर सांगायलाच हवं. त्या महाविद्यालयात शिकवतात. म्हणाल्या, 'मला उतरंड म्हटलं की आधी जातीची उतरंड आठवते. सगळ्यात खालचं मडकं सगळ्यांचा भार वाहतं. खाण्याच्या पाकिटावर हा शब्द मला नको वाटेल.' मी गप्प झाले. माझ्या डोळ्यांसमोर आजीच्या स्वयंपाकघरातली मडक्यांची रांग होती. पण तो शब्द वर्तमानपत्रात, भाषणात कुठल्या अर्थाने येतो ते आठवून पाहिलं आणि पटलं. उतरंड मी काढून टाकली.

कळव्याचा_बंड्या
बत्तीस जणांत एकच बाई बोलली ना? एकीसाठी नाव सोडायचं?

भाजणीवाली
स्पेलिंगची गोष्ट असती तर एकीमुळे सोडलं नसतं. पण हे कळल्यावर मलाच ते पाकीट कुणाच्या हातात देववणार नाही.

सुलेखा_वाशी
मी यांच्या बाजूने. ऐकण्या-लिहिण्याच्या चुका मोजायच्या असतात. दुखावणारा अर्थ एकाने दाखवला तरी पुरतो, कारण तो खराच आहे की नाही हे आपण स्वतः पडताळू शकतो.

सीवूड्स
आता ओंजळ आणि चिमूट राहिली ना? मग स्टिकर छापून प्रत्यक्ष विकून बघा. आमच्या सोसायटीच्या प्रदर्शनात एकीने असं केलं होतं, साध्या उभ्या पाउचवर चिकटवून.

मार्क_तीस
करा, फक्त चाचणीचं पाकीट असलं तरी विक्रीचंच आहे. स्टिकरवर पदार्थाचं खरं नाव, घटक, वजन, तारीख, बॅच, पत्ता, हिरवं चिन्ह आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक हवाच. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते, मराठी सोबत चालते. पाकिटावरच्या ब्रँडच्या नावाने हे काही भागत नाही.

भाजणीवाली
शनिवार-रविवारी शेजारच्या सोसायटीच्या प्रदर्शनात टेबल घेतलं. भाजणीची २५० ग्रॅमची चाळीस पाकिटं, एकाच घाण्याची. वीसवर ओंजळ, वीसवर चिमूट. रंग, अक्षर, कागद सगळं एकच, नाव तेवढं वेगळं. उजवीकडचं पाकीट लोक आधी उचलतात असा माझा अनुभव आहे, म्हणून दर अर्ध्या तासाने बाजू बदलल्या. कुणी 'दोन्हीत फरक काय' विचारलं की 'माल एकच आहे, नाव ठरवायचंय' असं खरं तेच सांगितलं, पण अशांची विक्री वेगळी लिहिली.

न विचारता घेतलेली: ओंजळ ११, चिमूट ८. यावरून मी काही ठरवत नाही. पण पाकीट हातात घ्यायच्या आधी मी काही जणांना विचारलं, 'यात किती माल असेल?' ओंजळकडे बघून बहुतेकांनी पाव किलो किंवा जास्त सांगितलं. चिमूटकडे बघून सतरापैकी दहा जण 'शंभर ग्रॅम' म्हणाले. पाकीट तेवढंच, शेजारी शेजारी ठेवलेलं. एक आजी म्हणाल्या, 'चिमूटभर भाजणीत काय थालीपीठ होणार?'

मेतकुटाचं एकच पाकीट चिमूट नावाने ठेवलं होतं, त्यावर मात्र कुणी असं म्हटलं नाही.

सुलेखा_वाशी
सगळ्यात मोलाचं तुम्हाला आत्ता मिळालं. लोक नावावरून माप ओळखतात. मेतकूट भातावर चिमूटभरच घेतात, तिथे नाव शोभतं. भाजणी ओंजळीने घेतात.

घंटाळीकर
मग दोन नावं ठेवावीत. मेतकूट-चटण्या चिमूट, भाजणी ओंजळ.

मार्क_तीस
दोन नावं म्हणजे दोन अर्ज, दोन डिझाइनं, दोन वेळा सिलिंडर. एवढ्या लहान धंद्याला मी नाही सांगणार.

सीवूड्स
मला काकांचं पटतंय. गाळ्यावर एकच नाव, पाकिटांवर हवी तर वेगळी.

नेरुळ_साइनवाला
मी बोर्ड बनवतो, उशिरा आलो. गाळ्याचं बोलताय म्हणून सांगतो. बोर्डवर मराठी देवनागरीत नाव लागतंच, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ते लागू आहे. म्हणजे ताई, तुमचं नाव लांबून आधी मराठीतच वाचलं जाणार. ते तसं वाचता येतं का बघा.

घरच्या घरी बघायची रीत अशी. बोर्ड ८ फूट रुंद धरा. ए-फोर कागद आडवा धरला की साधारण १ फूट, म्हणजे आठपट लहान. बोर्ड ६० फुटांवरून कसा दिसेल ते कळायला कागद भिंतीला लावा आणि साडेसात फुटांवर उभे राहा. नाव माहीत नसलेल्या माणसाला आणा, तीन सेकंद दाखवा, कागद झाका, वाचलेलं सांगायला लावा. तुम्हाला स्वतःला नाव पाठ आहे, तुम्हाला ते अंधारातही दिसेल.

'ओंजळ'मध्ये मला एक अडचण दिसते. ओ वरची मात्रा आणि अनुस्वार जवळ जवळ येतात. जाड अक्षरात, त्यात मागून दिवा लावला की टिंब मात्रेत मिसळतं आणि 'ओजळ' दिसतं. चिमूटमध्ये खालचा ऊकार बोर्डाच्या कडेला कापला जातो, कारण लोक उंची कमी घेतात. त्यासाठी अक्षराखाली जागा सोडायला आधीच सांगायचं.

भाजणीवाली
दादा, हे आजच केलं. इस्त्रीवाल्यांचा मुलगा, वॉचमन, पाचव्या मजल्यावरच्या काकू आणि डबेवाल्या ताई. ओंजळ जाड अक्षरात चारपैकी दोघांनी 'ओजळ' वाचलं. तेच बारीक अक्षरात, टिंब जरा उजवीकडे सरकवून काढलं तर चौघांनीही बरोबर वाचलं. चिमूट दोन्हींत बरोबर.

पाकिटवाल्याला सध्या थांबा म्हणून कळवलंय. दोन्ही नावांचे दोनदोनशे स्टिकर करून घेतले. मेतकुटावर चिमूट, भाजणीवर ओंजळ, तीन महिने असंच विकणार. परत येणारं गिऱ्हाईक काय नाव घेऊन मागतं ते वहीत लिहिणार, की नुसतंच 'ताई, ती भाजणी द्या' म्हणतं.

दादा, एक विचारायचं होतं. गाळ्यावर तोवर तात्पुरता फ्लेक्स लावायचा तर त्यावर काय लिहू? नाव न घालता नुसतं 'भाजणी, मेतकूट, चटण्या' चालेल का?

नेरुळ_साइनवाला
गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उत्तम चालेल, ६० फुटांवरून तेच आधी वाचायचं असतं त्याला. नियमाचं मात्र गुमास्ता ज्या नावाने काढाल ते नाव लागेल, ते वॉर्डात विचारून घ्या. फ्लेक्स करताना फ्रेम आत्ताच पक्की आणि पूर्ण मापाची करून घ्या, नंतर फक्त पुढचा भाग बदलता येईल. गाळ्याचं माप आणि समोरच्या रस्त्याची रुंदी पाठवा.